टाचेवरच्या चाव्याची कुळकथा

मुलं अंगणात पकडापकडी खेळू लागली की घरातला कॉर्गी किंवा हीलर मागून सुसाट येतो आणि सगळ्यात मागे राहिलेल्या मुलाच्या टाचेला हलकेच दात लावतो. मूल किंचाळतं, आणखी जोरात पळतं. कुत्र्याला आणखी चेव येतो. आईवडील घाबरतात आणि कुत्रा बिघडला असा निष्कर्ष काढतात. पण हा चावा माणसानंच पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडवला आहे. तो कुठे आणि कशासाठी घडवला, हेही बऱ्यापैकी ठाऊक आहे.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये, हंटर नदीच्या वरच्या खोऱ्यात, डार्टब्रुक नावाची गुरांची मोठी वाडी होती. ती थॉमस हॉल यांची. 1830च्या दशकात त्यांच्यासारख्या मालकांपुढे एकच मोठी अडचण होती. गुरं अफाट माळरानात अर्धरानटी वाढलेली, सिडनीचा बाजार खूप लांब, मधे कुंपण नाही. इंग्लंडहून आलेले स्मिथफिल्ड जातीचे कुत्रे अंगानं जड, दाट केसांचे. तिथल्या उन्हात ते थकत. शिवाय ते सतत भुंकत. भुंकण्यानं अशी गुरं उधळतात, आणि उधळलेली गुरं बाजारात पोचेपर्यंत वाळून जातात. वाळलेल्या जनावराला भाव कुठला?

टिमिन्स नावाच्या एका गुराख्यानं स्मिथफिल्डचा तिथल्या रानटी डिंगोशी संकर केला, असं जुने जाणकार सांगत. पिल्लं मुकाट्यानं काम करणारी निघाली खरी, पण इतकी कडकडून चावत की जनावर जायबंदी होई. हॉल यांनी वेगळा रस्ता धरला. इंग्लंडच्या नॉर्थंबरलंड भागातल्या गुरं हाकणाऱ्या कुत्र्यांशी त्यांनी डिंगोचा संकर केला, आणि हवी ती पिल्लं निवडत गेले. 1840च्या सुमारास त्यांना मनाजोगता कुत्रा मिळाला. ‘हॉलचे हीलर’ म्हणून ओळखले जाणारे हे कुत्रे 1870मध्ये ते वारेपर्यंत बहुतांशी त्यांच्याच घराण्याकडे होते. पुढे त्यांतूनच आजचा ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग आला.

या कुत्र्याची करामत पाहण्यासारखी असते. तो जनावराच्या मागून, आवाज न करता, जमिनीलगत येतो. चावतो तो खुराच्या थोडं वर, आणि तेही ज्या मागच्या पायावर त्या क्षणी भार आहे त्याच पायाला. भार असलेला पाय लगेच उचलता येत नाही, म्हणून लाथ उशिरा येते. तेवढ्यात कुत्रा जमिनीला चिकटतो आणि लाथ डोक्यावरून निघून जाते. वेल्समधल्या कॉर्गीनं हेच आखूड पायांच्या जोरावर साधलं. पाय चुकीचा निवडणारा किंवा मांडीला लोंबकळणारा कुत्रा एक तर लाथेनं संपे, नाही तर मालक त्याची पैदास पुढे नेत नसे.

अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी या सगळ्याचं मूळ शिकारीत दाखवलं. लांडग्याची शिकार एका ठरावीक क्रमानं होते: हेरणं, नजर रोखणं, दबा धरून सरकणं, पाठलाग, पकड, मारणं, फाडणं. हाकण्याच्या आणि राखणीच्या कामात माणसानं या क्रमाचे हवे ते भाग ठळक केले आणि नको ते दाबले. बॉर्डर कॉलीत नजर, दबा आणि पाठलाग ठळक. पकड बरीचशी दबलेली. हीलरमध्ये पाठलाग आणि पकड दोन्ही ठळक, मारणं मात्र दाबलेलं. मेंढरांची राखण करणाऱ्या कुत्र्यांत यातलं जवळजवळ काहीच ठळक नको असतं. आपल्याकडचे धनगर मेंढरं हाकतात ती हाकेनं, शिट्टीनं आणि काठीनं. त्यांचे कुत्रे लांडग्याला अडवण्यासाठी असतात. म्हणूनच टाचेला दात लावणारा कुत्रा मराठी घराला नवा वाटतो.

आता मुलाकडे कुत्र्याच्या डोळ्यांनी पाहावं. धावणारं, दिशा बदलणारं, कळपातून फुटणारं काहीतरी. गाय निदान लाथ मारते, मूल पळतं. चावल्यावर समोरचा जीव पळाला, याहून मोठं बक्षीस हीलरला नाही. त्यामुळे कोणी न शिकवताही ही सवय दर खेळागणिक पक्की होते. ओरडून उपयोग होत नाही. पाठलाग सुरू झाल्यावर तो आवाज त्याला गोंगाटाचाच भाग वाटतो.

‘त्याला काम द्या’ असा सल्ला अशा वेळी मिळतो, आणि बहुतेक जण चेंडू फेकत सुटतात. शंभर वेळा चेंडू फेकणं म्हणजे शंभर वेळा पाठलागाची तालीम. मेंढपाळाच्या कामात पाठलागाहून थांबण्याला मोल जास्त असतं. ब्रिटनमधला मेंढपाळ कुत्र्याला अध्येमध्ये आडवं पडायला लावतो आणि शेवटी ‘आता पुरे’ अशा अर्थाची हाक देतो. ती ऐकताच कुत्रा मेंढरं सोडून मालकाकडे येतो. घरच्या कामालाही अशी सुरुवात आणि असा शेवट हवा.

अशा कामाचं उत्तम उदाहरण अमेरिकेत घडलं. दक्षिण कॅरोलिनातले मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक जॉन पिली यांनी चेसर नावाच्या बॉर्डर कॉलीला खेळण्यांची नावं शिकवली. एक खेळणं, त्याचं नाव, ते आणून देणं, मग पुढचं. रोज काही तास असं तीन वर्षं चाललं आणि चेसर 1022 नावं ओळखू लागली. दाराजवळ हाकायला एकही मेंढरू नव्हतं, तरी तिचे डोळे, पाय आणि तोंड यांना नेमकं काम होतं. जर्मनीत निघालेल्या ट्राइबबॉल या खेळात कुत्रा मोठाले आठ चेंडू नाकानं किंवा खांद्यानं ढकलत गोलात आणतो. दात लावायचे नाहीत, मालक सांगेल तोच चेंडू आधी.

घरी सुरुवात लांब दोरीनं करावी. मुलांनी आधी लांबवर नुसतं चालायचं. कुत्रा डोकं खाली घालून नजर रोखतो, अंग ताठ करतो, तो क्षण ओळखायचा, कारण ऐकण्याची शक्यता तेव्हाच असते. त्याच क्षणी ‘आडवा’ म्हणायचं आणि तो आडवा झाला की खाऊ द्यायचा. काही दिवसांनी मुलांनी हळू धावायचं, मग थोडं जवळून. दोरी ताणून तो खाऊकडे बघतही नसेल, तर अंतर कमी पडतंय असं समजावं आणि मागे जावं. मुलांना एकच गोष्ट शिकवायची: कुत्रा मागे लागला की जागीच थांबायचं, हात छातीशी, तोंड बंद. त्यानंतरचं काम म्हणून लपाछपी फार चांगली. मूल लपून स्थिर बसतं आणि कुत्रा ते नाकानं शोधतो. पळणाऱ्या टाचेची जागा वास घेते.

याला मर्यादाही आहेत. गुरगुरणं, दात दाखवणं, थांबलेल्या मुलाला चावणं, चेहऱ्याकडे किंवा हाताकडे झेपावणं, हे हाकण्यात बसत नाही. तिथे प्रशिक्षित वर्तनतज्ज्ञ आणि पशुवैद्यच हवेत. कातडी फुटली असेल, तर कुत्र्याला लस दिलेली असली तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. ज्या घरात रांगती-धावती मुलं आहेत आणि रोज तासभर कुत्र्यासोबत काम करणारं मोठं माणूस नाही, त्या घरानं हीलर घेऊ नये.