मलातील गुप्त रक्ताची परीक्षा : ग्वायक राळेपासून प्रतिपिंडापर्यंत

मलात डोळ्यांना दिसेल इतके रक्त असल्यास त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नसते. वैद्यकापुढील खरा प्रश्न न दिसणाऱ्या रक्ताचा आहे. आतड्यातील अर्बुदातून अथवा व्रणातून दिवसाकाठी एखाददुसरा मिलिलिटर रक्त पाझरत असता मलाचा रंग बदलत नाही, रुग्णास वेदना होत नाहीत, आणि पुष्कळदा पांडुरोग बळावेपर्यंत कोणाचे तिकडे लक्षही जात नाही. हे रक्त ओळखण्याच्या परीक्षेचा दीड शतकाचा इतिहास सामान्यतः अधिकाधिक सूक्ष्म परीक्षेकडे झालेली वाटचाल म्हणून सांगितला जातो. तो असत्य नाही, पण अपुरा आहे. प्रत्येक नव्या पद्धतीने जुन्या पद्धतीचा दोष दूर केला हे जितके खरे, तितकेच तिने दोषाचे ठिकाण बदलले हेही खरे. जुन्या परीक्षेचा दोष रुग्णाच्या ताटातून येत असे. नव्या परीक्षेचा दोष नमुन्याच्या प्रवासात शिरतो. बुलढाणा जिल्ह्यातील वडनेर भोलजीसारख्या गावी या परीक्षेचे मोल ठरवावयाचे असल्यास हा भेद ध्यानी घेणे अवश्य आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ व्हान डेन यांनी रक्ताचा डाग ओळखण्यासाठी ग्वायक वृक्षाची राळ वापरली. या राळेतील एक द्रव्य हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सान्निध्यात निळे होते. मात्र त्यासाठी ऑक्सिजन एका द्रव्याकडून दुसऱ्याकडे नेणारा मध्यस्थ लागतो. रक्तातील हीमोग्लोबिनाचा लोहयुक्त घटक, म्हणजे हीम, हे काम करतो. वेबर यांनी १८९३ साली ही विक्रिया मलपरीक्षेसाठी उपयोगात आणली. पुढे बर्लिनचे इस्मार बोआस यांनी १९०१ साली जठर व आतडे यांच्या रोगांत डोळ्यांना न दिसणारा रक्तस्राव होत असतो ही गोष्ट पुढे मांडली, आणि ‘गुप्त’ रक्तस्राव ही कल्पना वैद्यकात रूढ झाली. १९०४ साली ऑस्कर व रुडोल्फ आडलर यांनी राळेच्या जागी बेंझिडीन हे अधिक संवेदनाक्षम द्रव्य सुचविले. अनेक दशके प्रयोगशाळांतून त्याचाच प्रचार होता. परंतु बेंझिडिनामुळे मूत्राशयाचा कर्करोग होतो हे सिद्ध झाल्यावर ते मागे पडले. ब्रिटनमध्ये १९६७ साली त्याच्या उत्पादनावर बंदी आली.

योगायोगाने त्याच वर्षी अमेरिकेतील ओहायो राज्यात डेव्हिड ग्रीगर या वैद्याने ग्वायक राळेस पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांची सुधारणा रसायनात नसून व्यवस्थेत होती. राळ भिनविलेला कागद पुठ्ठ्याच्या घडीत बसवून ती घडी रुग्णाच्या घरी द्यावयाची, लागोपाठच्या तीन शौचांतून प्रत्येकी दोन ठिकाणचा मल रुग्णाने स्वतः तीवर लावावयाचा, आणि वाळलेली घडी वैद्याकडे पोचवावयाची, अशी ही योजना होती. नमुना घेण्याचे काम प्रयोगशाळेतून घराकडे आले आणि बाह्यतः निरोगी अशा मोठ्या लोकसमूहाची तपासणी प्रथमच शक्य झाली. अमेरिकेतील मिनेसोटा येथे ४६,५५१ व्यक्तींवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाला. दर वर्षी परीक्षा झालेल्या गटात तेरा वर्षांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने झालेले मृत्यू हजारी ५.८८, तर परीक्षा न झालेल्या गटात ८.८३ होते. मृत्यूंत सुमारे एकतृतीयांश घट झाली होती.

परंतु या यशात एक उणीव दडलेली होती. ग्वायकाची विक्रिया रक्ताची नसून हीमसदृश मध्यस्थाची आहे. तो मनुष्याच्या रक्तातून आला की आदल्या दिवशी खाल्लेल्या मटणातून आला, हे राळेस कळत नाही. कित्येक वनस्पतींत पेरॉक्सिडेज नावाचे विकर असते. तेही हेच कार्य करते. मुळा, सलगम, फुलकोबी व खरबूज यांत ते विशेष आढळते. वऱ्हाडातील जेवणात भाकरीबरोबर कच्चा मुळा खाल्ला जातो, आणि दोष येतो तो अशा कच्च्या मुळ्यातून. मुळ्याची भाजी शिजविल्यावर विकर बहुतांशी नष्ट होते. शिवाय घडी दोनतीन दिवस वाळू दिल्यास उरलेसुरले विकरही मंदावते. मिनेसोटात मात्र वाळलेल्या नमुन्यावर पाण्याचा थेंब टाकून परीक्षा अधिक तीक्ष्ण करण्यात आली होती. त्यामुळे होकारार्थी निष्कर्षांचे प्रमाण शेकडा २.४ वरून ९.८ पर्यंत चढले, आणि निष्कारण आतड्याच्या दुर्बीण-तपासणीस पाठविल्या गेलेल्यांची संख्याही वाढली.

दुसरा दोष उलट दिशेचा आहे आणि तो अधिक घातक म्हणावा लागेल. क जीवनसत्त्व हे स्वतः ऑक्सिडीकरणास विरोध करणारे द्रव्य असल्याने ते निळा रंग उमटूच देत नाही. दिवसाला २५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक क जीवनसत्त्व पोटात गेल्यास खरोखर रक्त असूनही परीक्षा नकारार्थी येऊ शकते. ग्रामीण आहारात इतके प्रमाण येईल कोठून, अशी शंका घेता येईल. परंतु १०० ग्रॅम आवळ्यात ते सुमारे ६०० मिलिग्रॅम व तितक्याच पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम असते. म्हणजे हिवाळ्यात ताजे आवळे खाणाऱ्याची परीक्षा केवळ आवळ्याने फसू शकते. यासाठी परीक्षेपूर्वी तीन दिवस व नमुने घेण्याच्या काळात लाल मांस, कच्चा मुळा व क जीवनसत्त्वाच्या गोळ्या वर्ज्य करण्याची सूचना देण्याची पद्धत पडली. लोहाच्या गोळ्यांनी मल काळा होतो. मात्र त्या काळेपणास रक्त समजू नये. ॲस्पिरिनसारख्या औषधांची गोष्ट निराळी. तेथे परीक्षा फसत नाही. औषधाने जठरातून खरोखरच रक्त येते, पण ते अर्बुदाचे नसते.

या सर्व पथ्यांतून सुटका करणारी पद्धत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून आकारास आली. मनुष्याच्या हीमोग्लोबिनातील ग्लोबिन या प्रथिनाशीच संयोग पावणारी प्रतिपिंडे या परीक्षेत वापरतात. बोकडाच्या रक्ताचे ग्लोबिन वेगळे, आणि मुळ्यात तर ते नाहीच. सबब आहाराचे पथ्य लागत नाही. जपानने १९९२ पासून चाळिशी ओलांडलेल्यांसाठी दर वर्षी, दोन दिवसांच्या दोन नमुन्यांवर, ही परीक्षा राष्ट्रीय पातळीवर स्वीकारली. तिच्या एका प्रचलित प्रकारात खाचा असलेल्या काडीवर सुमारे १० मिलिग्रॅम मल येतो व तो नळीतील २ मिलिलिटर द्रावणात मिसळतो. ग्रॅममागे २० मायक्रोग्रॅम हीमोग्लोबिन ही मर्यादा धरल्यास नळीत ०.२ मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिलिटरमागे १०० नॅनोग्रॅम, इतके हीमोग्लोबिन येते. इतक्या सूक्ष्म मात्रेचे मापन होते, हे या परीक्षेचे सामर्थ्य होय.

तिचा दुबळेपणा मात्र याच प्रथिनात आहे. हीम चिवट असते. ग्लोबिन नाजूक असते. उष्णतेने व मलातील जंतूंच्या क्रियेने त्याचा आकार बिघडला की प्रतिपिंड त्यास ओळखत नाही. इटलीतील फ्लॉरेन्स येथील तपासणी-कार्यक्रमाच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उन्हाळ्यात परीक्षा होकारार्थी येण्याची शक्यता हिवाळ्यापेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी कमी आढळली. फ्लॉरेन्सचा उन्हाळा मे महिन्यातील वऱ्हाडाच्या मानाने सौम्यच होय.

येथे वडनेर भोलजीचा प्रश्न उभा राहतो. नांदुरा तालुक्यातील हे गाव मलकापूर व नांदुरा यांच्या दरम्यान मुंबई-नागपूर महामार्गावर आहे. मे महिन्यात या भागातील पारा ४२ अंशांच्या वर जातो. तेथील दोन व्यक्तींचे नमुने मोठ्या गावच्या प्रयोगशाळेत पाठविले आहेत, अशी कल्पना करावी. पहिलीच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात लहान अर्बुद असून तिच्या मलात ग्रॅममागे ३० मायक्रोग्रॅम हीमोग्लोबिन आहे. नमुना ताजा असता तो २० च्या मर्यादेवर सहज येईल. तीच नळी दुपारभर गाडीत व दोन दिवस पत्र्याच्या खोलीत राहून ४० टक्के ग्लोबिन बिघडले, तर १८ उरतील आणि उत्तर ‘नकारार्थी’ येईल. अर्बुद तेथेच आहे. केवळ त्याची साक्ष वाटेत नाहीशी झाली. अर्बुद मोठे असून ग्रॅममागे ३०० मायक्रोग्रॅम असते, तर एवढ्याच हानीनंतरही १८० उरले असते. म्हणजे उष्णतेने हुकतात ते मुख्यतः आरंभीचे, बरे होण्याजोगे रोगी.

दुसरी व्यक्ती अनवाणी शेतात राबणारी असून तिच्या लहान आतड्यात नेकाटर जातीचे शंभर अंकुशकृमी आहेत. प्रत्येक कृमी दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्त घेतो. म्हणजे दिवसाचे ३ व महिन्याचे ९० मिलिलिटर. पहिलीहून हिचे रक्त अधिक जाते. तरीही प्रतिपिंडाची परीक्षा येथे नकारार्थी येण्याचा संभव मोठा आहे. कारण लहान आतड्यात वरच्या बाजूस सांडलेल्या रक्तातील ग्लोबिन पाचकरसांनी वाटेतच पचते. चिवट हीमावर अवलंबून असलेली जुनी ग्वायक परीक्षा तेथे निळी होऊ शकते. सबब पांडुरोगी मनुष्याची नवी परीक्षा नकारार्थी आल्याने त्याचे रक्त जात नाही असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. त्याच्या मलाची कृमींच्या अंड्यांसाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, आणि आवश्यक तर जठराची दुर्बीण-तपासणी, स्वतंत्रपणे व्हावयास हवी.

नमुना घेण्याच्या सूचना या सर्व कारणांवरूनच निघतात. मल शौचकूपातील पाण्यास लागण्यापूर्वी कोरड्या कागदावर घ्यावा. पाण्याने पृष्ठभागावरील रक्त धुतले जाते. रक्त मलात सर्वत्र सारखे पसरलेले नसते, म्हणून काडी पाचसहा ठिकाणी फिरवावी. मात्र खाचा भरतील इतकाच मल पुरे, अधिक चिकटल्यास मापन चुकते. मासिक पाळीच्या दिवसांत अथवा मूळव्याधीचे रक्त दिसत असता नमुना घेऊ नये. नळीवर नाव व नमुन्याची तारीख लिहावी. तारखेवाचून नमुन्याचे वय कळत नाही आणि नकारार्थी उत्तरावर किती विसंबावे हे ठरत नाही. शीतकपाट असल्यास नळी त्यात, नसल्यास घरातील सर्वांत थंड व सावलीच्या कोपऱ्यात ठेवावी. नमुना पहाटे घेऊन त्याच दिवशी, निदान दोन दिवसांत, प्रयोगशाळेत पोचेल असा वार निवडावा; सुटीच्या आदल्या दिवशी घेऊ नये.

भारताच्या २०१६ सालच्या कर्करोग-तपासणीच्या आराखड्यात मुख, स्तन व गर्भाशयमुख यांचाच समावेश होता; मोठ्या आतड्याचा नव्हता. या देशात त्या रोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांहून पुष्कळ कमी आहे, हे त्यामागील एक कारण होय. पुढेमागे ही परीक्षा गावोगाव न्यावयाची झाल्यास फ्लॉरेन्स अथवा जपान येथील निष्कर्ष जसेच्या तसे उचलून चालणार नाही. आवळ्याच्या हंगामात ग्वायकाची व वैशाखात प्रतिपिंडाची परीक्षा किती खरी ठरते, हे वऱ्हाडातच मोजावे लागेल. व्हान डेन यांच्या राळेपासून आजपर्यंतचा इतिहास हाच धडा देतो, की नकारार्थी उत्तराचा अर्थ लावण्यापूर्वी ती पद्धत कोठे आंधळी आहे याची विचारणा झाली पाहिजे.