पेपर जॅम

पेपर जॅम म्हणजे प्रिंटर, छायाप्रत यंत्र (बोलीभाषेत झेरॉक्स यंत्र) किंवा फॅक्स यंत्रात कागद ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी न पोहोचल्यामुळे यंत्राचे काम थांबणे. प्रत्येक वेळी कागद आत चुरगळून अडकलेला असतोच असे नाही. ट्रेमधून कागद उचललाच गेला नाही किंवा एकाऐवजी दोन कागद आत शिरले, तरी अनेक यंत्रे हीच सूचना दाखवतात. जॅम वारंवार होऊ लागल्यास झिजलेला पिकअप रोलर, अयोग्य वजनाचा कागद किंवा सादळून एकमेकांना चिकटलेले कागद यांपैकी एखादे कारण बहुधा आढळते. ही कारणे वेगवेगळी दिसली, तरी ती मुख्यतः घर्षणाच्या एकाच समतोलाशी निगडित आहेत.

## कार्यतत्त्व

ट्रेमधील गठ्ठ्यावर रबराचा पिकअप रोलर टेकतो आणि फिरताना सर्वांत वरचा कागद पुढे ढकलतो. त्याच्यासोबत खालचा कागदही सरकू पाहतो. त्याला रोखण्यासाठी वाटेत सेपरेशन पॅड नावाची खरखरीत पट्टी बसवलेली असते. मोठ्या यंत्रांत तिच्या जागी अनेकदा उलट दिशेने ओढणारा रोलर असतो.

एका वेळी एकच कागद आत जाण्यासाठी तीन घर्षणांचा क्रम पाळला जावा लागतो. रोलर आणि कागद यांच्यातील घर्षण सर्वांत जास्त, पॅड आणि कागद यांच्यातील त्याहून कमी आणि दोन कागदांमधील सर्वांत कमी असावे लागते. पहिले घर्षण घटले तर कागद उचलला जात नाही. तिसरे वाढले तर दोन कागद एकत्र जातात.

पुढच्या वाटेवरील संवेदक कागदाची कड येण्याची वेळ तपासतो. उदाहरणार्थ, कागदाचा वेग सेकंदाला १२० मिलिमीटर आणि संवेदक ६० मिलिमीटरवर असेल, तर कड अर्ध्या सेकंदात पोहोचली पाहिजे. रोलर घसरल्यामुळे वेग सेकंदाला ८० मिलिमीटरवर आला, तर तिला पाऊण सेकंद लागतो. यंत्राने दिलेली मुदत ०.७ सेकंद असल्यास कागद सुरळीत पुढे येत असूनही जॅमची नोंद होते.

## कारणे

### झिजलेला पिकअप रोलर

नव्या रोलरचे रबर मऊ असते आणि त्याच्यावर बारीक खाचा किंवा खरखरीतपणा असतो. हजारो कागद उचलल्यानंतर हा पृष्ठभाग गुळगुळीत होतो, तर वयोमानाने रबर कडक होऊन चकाकू लागते. त्यातच कागदावरील धूळ रोलरवर बसते. या धुळीत कागदाचे तंतू आणि कागद पांढरा व गुळगुळीत करण्यासाठी वापरलेली कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी असते. रोलर फिरल्याचा आवाज येतो, पण कागद जागचा हलत नाही किंवा तिरका सरकतो, हे या दोषाचे लक्षण होय.

### कागदाचे वजन

कागदाचे वजन जीएसएम, म्हणजे प्रति चौरस मीटर ग्रॅम या एककात सांगतात. भारतात छपाईसाठी ७०, ७५ आणि ८० जीएसएमचे कागद सर्रास मिळतात. ए-४ आकाराच्या १६ कागदांचे क्षेत्रफळ जवळपास एक चौरस मीटर भरते. त्यामुळे ८० जीएसएमचा एक कागद ५ ग्रॅमचा आणि ५०० कागदांचे रीम अडीच किलोचे असते. ७० जीएसएमचे रीम सुमारे २.१९ किलो भरते. वेष्टन हरवलेल्या कागदाचे वजन अशा प्रकारे साध्या तराजूवर ताडून पाहता येते.

जाडीच्या मानाने कागदाचा ताठपणा फार झपाट्याने बदलतो. एकाच प्रतीच्या कागदाची जाडी दुप्पट झाली, तर ताठपणा जवळजवळ आठपट होतो. त्यामुळे ट्रेमधून निघून अर्धवर्तुळाकार वळण घेणाऱ्या वाटेत जाड कागद वळत नाही आणि रोलर त्याच्यावर घसरतो. याउलट, फार पातळ कागद पॅडपाशी दुमडतो किंवा तापलेल्या रोलरला गुंडाळला जातो. अनेक यंत्रांत जाड कागदासाठी सरळ वाटेचा वेगळा ट्रे असतो.

### सादळलेला कागद

कागद हवेतील ओलावा शोषतो. छपाईच्या कागदात साधारणपणे ४ ते ६ टक्के पाणी असते. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई, कोकण व गोव्याच्या किनारपट्टीवर, उघड्या ठेवलेल्या रीममध्ये हे प्रमाण वाढते. गठ्ठ्याच्या कडा आधी ओलावा घेतात, त्यामुळे त्या लहरदार होतात. ओलाव्याने कागद नरम पडतो आणि शेजारच्या कागदाला धरून राहतो.

लेझर प्रिंटरमध्ये शाई पक्की करणारा रोलर बरेचदा १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असतो. तेथे दमट कागदातील पाण्याची वाफ होऊन कागद वाकतो. म्हणून दोन्ही बाजूंच्या छपाईत पहिली बाजू नीट छापली जाऊनही कागद दुसऱ्या फेरीत अडकू शकतो. अतिकोरडी हवाही उपयोगाची नसते. तिच्यात स्थितिक विद्युतभारामुळे कागद चिकटतात.

## निदानाचे उदाहरण

कारण ओळखण्यासाठी एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे आवश्यक असते. समजा, पावसाळ्यात एका कार्यालयातील प्रिंटरवर ५० कागद छापताना सहा वेळा जॅम झाला. त्यांपैकी चार वेळा दोन कागद एकत्र गेले आणि दोन वेळा कागद उचललाच गेला नाही.

प्रथम त्याच जीएसएमचे नवे, कोरडे रीम उघडून पुन्हा ५० कागद छापले. दोन कागद एकत्र जाणे पूर्ण थांबले, म्हणजे तो दोष सादळलेल्या कागदाचा होता. कोरड्या कागदानेही ते चालू राहिले असते, तर सेपरेशन पॅड झिजल्याचा संशय आला असता. कागद न उचलला जाण्याचे दोन प्रकार मात्र कायम राहिले. त्यानंतर रोलर पुसला असता तेही थांबले, पण पंधरवड्यात पुन्हा सुरू झाले. सफाईचा परिणाम न टिकल्यामुळे रोलरवर केवळ धूळ नसून त्याचे रबरच निकामी झाल्याचे स्पष्ट होते.

## उपाय आणि मर्यादा

* रोलर: यंत्र बंद करून, वीजजोडणी काढून, तंतू न सोडणाऱ्या किंचित ओल्या कापडाने रोलर फिरवत पुसतात व पूर्ण वाळू देतात. झिजलेल्या रबराला सफाईने थोडाच काळ आधार मिळतो. रोलर बदलताना सेपरेशन पॅडही बदलणे हिताचे असते. जुना पॅड राहिल्यास घर्षणाचा क्रम पुन्हा बिघडू शकतो.
* कागद: रीम वापरण्याच्या वेळीच उघडतात आणि उरलेला कागद मूळ वेष्टनात गुंडाळून जमिनीपासून उंच ठेवतात. गठ्ठा फडफडवल्याने चिकटलेले कागद सुटे होतात, पण त्यांतील ओलावा जात नाही.
* मांडणी: ट्रे खुणेपर्यंतच भरतात. कडेच्या पट्ट्या कागदाला टेकतील, पण दाबणार नाहीत अशा बसवतात आणि यंत्राच्या मेनूमध्ये कागदाचा योग्य प्रकार निवडतात.

अडकलेला कागद शक्यतो तो जात असलेल्या दिशेने, दोन्ही हातांनी सावकाश ओढतात. तो फाटल्यास आत राहिलेला कपटा संवेदकाला झाकू शकतो, आणि मग वाट मोकळी दिसत असूनही जॅमची सूचना कायम राहते. कागदाची कड दर वेळी ट्रेपासून दूर, एकाच ठिकाणी थांबत असेल, तर दोष कागद उचलण्याच्या भागात नसून पुढील वाटेत असण्याची शक्यता अधिक असते.