कार्बाइन आणि रायफल : नळीची लांबी

गोळी तीच, नळी वेगळी. एवढ्या फरकाने काय काय बदलते, हे पाहायला .३०३ ची ब्रिटिश जोडी सोयीची आहे. या काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ शिक्का असला, तर ते पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातले. पोलिसांची ‘थ्री नॉट थ्री’ याच काडतुसाची. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या रात्री मुंबईत काही पोलिसांच्या हातात तीच होती.

जोडीतली पहिली ली-एनफील्ड नंबर ४ रायफल. तिची नळी २५.२ इंच, एकूण लांबी सुमारे ११३ सेंटिमीटर, वजन चार किलोच्या वर. दुसरी तिच्यापासूनच १९४४ मध्ये काढलेली नंबर ५, म्हणजे ‘जंगल कार्बाइन’. तिची नळी पावणेएकोणीस इंचांच्या आसपास, लांबी सुमारे १०० सेंटिमीटर आणि वजन ३.२ किलो.

दारू पेटली की वायूचा दाब पहिल्या काही इंचांतच शिगेला पोचतो आणि मग झपाट्याने उतरतो. तरी गोळी नळीत असेपर्यंत वायू तिला ढकलत राहतो. त्यामुळे पुढचा प्रत्येक इंच वेग वाढवतो, पण आधीच्या इंचापेक्षा कमी. पूर्ण नळीतून ११.३ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७४४ मीटर वेगाने निघते. या टप्प्यात इंचामागे सात-आठ मीटर घट धरली, तर कार्बाइनचा वेग ७०० च्या आसपास येतो. सहा टक्के म्हणजे किरकोळ वाटते; पण ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरत असल्याने ती सुमारे ११ टक्क्यांनी घटते. शंभर मीटरवर नेमबाजाला हे जाणवतही नाही. लांबवर मात्र गोळी जास्त खाली पडते. नंबर ४ च्या मापपट्टीवर १३०० यार्डांपर्यंत आकडे असत, नंबर ५ वर ८०० पर्यंतच.

जो दाब गोळीच्या कामी आला नाही, तो तोंडाशी आवाज आणि ज्वाळा होऊन फुटतो. शिवाय आखूड नळीचे तोंड कानाच्या जवळ असते. पूर्ण लांबीच्या रायफलचा धमाकाही १४० डेसिबलची धोक्याची रेषा ओलांडतोच. म्हणून कानाच्या संरक्षणाबाबत दोन्हींत निवड नाही. नंबर ५ च्या तोंडाला नरसाळ्यासारखे ज्वालारोधक बसवले होते. त्याने ज्वाळा दबते, आवाज नव्हे.

झाडीत, जीपमध्ये, दारातून वळताना तेरा सेंटिमीटरची बचत मोलाची. पण हलक्या बंदुकीचा धक्का वाढतो : हिशेब केला तर धक्क्याची ऊर्जा सुमारे पाचव्या हिश्शाने जास्त भरते. दस्त्याला रबरी टाच लावली होती, पण ती अरुंद. सगळा मार खांद्याच्या थोड्याशा जागेवर बसे. लांब नळीचे पुढचे वजन नेम स्थिर ठेवते, तेही इथे कमी.

नंबर ५ बद्दलची सर्वांत गाजलेली तक्रार वेगळीच होती. नेम एकदा जुळवून दिला, तरी पुढच्या वेळी गोळ्या दुसरीकडे जात. वजन घटवण्यासाठी धातू कोरून काढल्याने सांगाडा लवचीक झाला, असे कारण बहुधा दिले जाते. त्याचा नळीच्या लांबीशी थेट संबंध नाही. दोष निघेना, म्हणून १९४७ मध्ये उत्पादन थांबले. मलायाच्या जंगलात मात्र ती त्यानंतरही वापरात होती.