युबिक्विनोन व स्टॅटिन औषधे

युबिक्विनोन : कोशिकेतील कलकणूंच्या म्हणजेच मायटोकाँड्रियांच्या आतील पटलात इलेक्ट्रॉनांची ने-आण करणारा, वसेत विरघळणारा पिवळसर पदार्थ. यास सह-एंझाइम क्यू असेही म्हणतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात एफ्. एल्. क्रेन व त्यांचे सहकारी यांनी १९५७ मध्ये गाईच्या हृदयातील कलकणूंपासून तो वेगळा केला. त्याच सुमारास लिव्हरपूल येथे आर्. ए. मॉर्टन यांच्या गटाला हाच पदार्थ प्राण्यांच्या ऊतकांत सापडला होता. सर्वत्र आढळणारे क्विनोन या अर्थी त्यास ‘युबिक्विनोन’ हे नाव मिळाले. त्याची रासायनिक संरचना १९५८ मध्ये मर्क कंपनीतील कार्ल फोकर्स यांच्या गटाने निश्चित केली. त्यापूर्वी १९५६ मध्ये याच कंपनीत फोकर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेव्हॅलॉनिक अम्लाचा शोध लावला होता. या दोन शोधांचा परस्परसंबंध पुढे महत्त्वाचा ठरला.

युबिक्विनोनाच्या रेणूचे दोन भाग असतात : इलेक्ट्रॉन घेणारे व देणारे वलय आणि त्यास जोडलेली लांब शेपटी. मानवात ही शेपटी दहा आयसोप्रीन घटकांची, म्हणजे पन्नास कार्बन अणूंची असते. तिच्यामुळे रेणू पटलाच्या वसामय भागात मुक्तपणे फिरू शकतो. श्वसनशृंखलेतील मोठी प्रथिन-संकुले त्या मानाने मंद गतीने हलतात, म्हणून त्यांच्यामध्ये अशा फिरत्या वाहकाची गरज असते. एनएडीएचकडून पहिल्या संकुलात आणि सक्सिनेटाकडून दुसऱ्या संकुलात आलेले इलेक्ट्रॉन, तसेच वसाम्लांच्या ऑक्सिडीकरणातून आलेले इलेक्ट्रॉन, या सर्वांचे प्रवाह युबिक्विनोनापाशी एकत्र येतात. दोन इलेक्ट्रॉन व दोन प्रोटॉन घेऊन त्याचे क्षपण होते आणि तो तिसऱ्या संकुलाकडे जातो.

येथे एक अडचण असते. युबिक्विनोन दोन इलेक्ट्रॉन आणतो. पण पुढचा वाहक, सायटोक्रोम सी, एका वेळी एकच घेतो. पीटर मिचेल यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या ‘क्यू-चक्रा’ने याचा उलगडा झाला. पहिला इलेक्ट्रॉन सायटोक्रोम सीच्या दिशेने जातो, तर दुसरा पटलाच्या आतील बाजूस परतून दुसऱ्या युबिक्विनोन रेणूस मिळतो. या देवघेवीत प्रोटॉन पटलाच्या बाहेरच्या बाजूस सोडले जातात आणि त्यांच्या उतारावरच एटीपीची निर्मिती चालते. युबिक्विनोन हा केवळ दुवा नसून प्रोटॉन पार करणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे, हे यावरून दिसते. कलकणूंतील युबिक्विनोन विद्रावकाने काढून टाकल्यास श्वसन मंदावते आणि तो परत मिसळल्यास ते पूर्ववत होऊ लागते.

शेपटीची घडण मेव्हॅलॉनिक अम्लापासून होते. या अम्लापासून पाच कार्बनांचे घटक व त्यांच्या जोडणीतून फार्नेसिल पायरोफॉस्फेट तयार होते. तेथे वाट फुटते : एक शाखा स्क्वालीनमार्गे कोलेस्टेरॉलकडे जाते, तर दुसरी युबिक्विनोनाच्या शेपटीकडे. भारतात बंगलोर (बंगळूर) येथील भारतीय विज्ञान संस्थेत टी. रामशर्मा यांच्या गटाने १९६०-७० या काळात उंदरांवरील प्रयोगांतून युबिक्विनोनाच्या जैव संश्लेषणाचा अभ्यास केला. जपानमधील सांक्यो कंपनीत आकिरा एंडो यांना १९७३ मध्ये एका पेनिसिलियम बुरशीपासून जो पदार्थ मिळाला, तो मेव्हॅलॉनिक अम्ल तयार करणाऱ्या एंझाइमाचेच कार्य रोखतो. त्याच जातीचे लोव्हास्टॅटिन हे औषध १९८७ मध्ये मर्कने बाजारात आणले. रोध वाट फुटण्यापूर्वीच होत असल्याने त्याचा परिणाम दोन्ही शाखांवर होतो. वलय टायरोसिनापासून बनत असल्याने ते अबाधित राहते, पण शेपटीवाचून ते निरुपयोगी होय.

मर्क सोडून टेक्सस विद्यापीठात गेलेल्या फोकर्स यांनीच १९९० मध्ये लोव्हास्टॅटिन घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात युबिक्विनोन कमी होते, असे प्रसिद्ध केले. मात्र रक्तातील घट जपून वाचावी लागते. रक्तद्रवात युबिक्विनोन मुख्यतः कमी घनतेच्या वसाप्रथिनांतून वाहून नेले जाते आणि ही प्रथिने कमी करणे हाच स्टॅटिनांचा हेतू आहे. समजा, उपचारापूर्वी युबिक्विनोन लिटरमागे १·०० मायक्रोमोल व कोलेस्टेरॉल ५·०० मिलिमोल होते आणि नंतर ते अनुक्रमे ०·६५ व ३·२५ झाले. दोन्ही वेळा गुणोत्तर ०·२० च राहते. म्हणजे वाहने कमी झाली, तसा त्यांतील माल कमी झाला. त्यामुळे रक्तावरून स्नायूंतील कलकणूंची स्थिती समजत नाही. त्यासाठी स्नायूचा तुकडा तपासावा लागतो आणि तशा तपासण्यांत घट एकसारखी आढळलेली नाही. याचे एक संभाव्य कारण असे की, कोलेस्टेरॉलेतर शाखांतील एंझाइमे फार्नेसिल पायरोफॉस्फेटाची अल्प मात्राही ओढून घेतात आणि तुटवडा प्रथम कोलेस्टेरॉलच्या शाखेस जाणवतो.

स्टॅटिने घेणाऱ्या काहींना स्नायुदुखी होते, क्वचित स्नायुपेशींचा गंभीर नाशही होतो. युबिक्विनोनाची न्यूनता हे त्याचे एकमेव कारण ठरलेले नाही. पूरक म्हणून युबिक्विनोन दिल्यास रक्तातील प्रमाण वाढते. पण वेदना कमी होतात काय, याविषयी नियंत्रित चाचण्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत.