सीओपीडीच्या रुग्णाला ऑक्सिजन : साधने व परिचारिकेची श्वसननोंद

सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करत जाणारा फुप्फुसांचा जुनाट विकार. तो विडी-सिगारेटने होतो, तसाच वर्षानुवर्षे चुलीचा धूर नाकातोंडात गेल्यानेही होतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांतील सीओपीडीचा मुद्दा मांडला होता. चुलीचा धूर सोसलेल्या मावळातल्या रुग्णांबाबत त्याचे महत्त्व विशेष आहे, कारण ‘विडी ओढता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले की सीओपीडीची शंकाच मागे पडते आणि रुग्णाला सरसकट भरपूर ऑक्सिजन लावला जातो. या आजारात ऑक्सिजन हे मात्रा ठरवून द्यायचे औषध आहे. म्हणूनच बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा एकटा लिहिला तर ती नोंद अपुरी राहते. कोणते साधन, किती लिटर, श्वास मिनिटाला किती आणि रुग्ण किती जागा आहे, हे चारही त्या आकड्याशेजारी हवेत.

कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्या रुग्णात ऑक्सिजनची पातळी ८८ ते ९२ टक्के ठेवतात. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोहोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आकसून रक्त चांगल्या भागाकडे वळवतात. ऑक्सिजन जास्त झाला की त्या सैल पडतात आणि रक्त पुन्हा निकामी भागातून फिरू लागते. शिवाय ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड कमी वाहून नेते. श्वासाची प्रेरणा मंदावणे हे जुने स्पष्टीकरण या दोन कारणांपुढे दुय्यम ठरले आहे. टास्मानियात रुग्णवाहिकेतल्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोजून ऑक्सिजन दिलेल्यांचे मृत्यू भरपूर ऑक्सिजन दिलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होते.

मोजून देण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे व्हेंचुरी मास्क. त्यातल्या बारीक छिद्रातून ऑक्सिजन वेगाने सुटतो आणि बाजूच्या खिडक्यांतून खोलीतली हवा ठरलेल्या प्रमाणात ओढून घेतो. सामान्यतः निळ्या तोटीला २ लिटरवर २४ टक्के, पांढरीला ४ लिटरवर २८ टक्के मिळतात. मात्र रंग कंपनीगणिक बदलू शकतात, म्हणून तोटीवर छापलेला आकडाच वाचावा. थंडीत अंगावर ओढलेल्या चादरीने त्या खिडक्या झाकल्या गेल्या, तर टक्केवारी कोणाच्या नकळत वाढते. नाकातल्या नळीने १ ते २ लिटर दिले तर साधारण तेवढाच ऑक्सिजन मिळतो, पण श्वासाच्या खोलीनुसार तो बदलतो. साधा मास्क मात्र ५ लिटरखाली चालवू नये, कारण सोडलेला श्वास आत साचून पुन्हा ओढला जातो.

उदाहरणादाखल नाणे मावळातली साठीची बाई घेऊ. हवेवर ऑक्सिजन ८२, श्वास मिनिटाला ३०, एका दमात तीन-चार शब्द. पांढऱ्या तोटीच्या व्हेंचुरीवर वीस मिनिटांत ऑक्सिजन ९०, श्वास २६ आणि वाक्य पुरे होऊ लागले. मग पुण्याला हलवताना साधा मास्क ८ लिटरवर लागला. पुढची नोंद : ऑक्सिजन ९८, श्वास १४, झोप लागली. वाचणाऱ्याला हा आराम वाटेल. पण दमलेला रुग्ण बोलेनासा होऊन गुंगीत शिरतो, श्वास उथळ होतो, डोके दुखते, हात ताणून धरले की पंजे फडफडतात, तेव्हा कार्बन डायऑक्साइड साठत असतो. ऑक्सिमीटरला तो दिसत नाही. धमनीतल्या रक्ताची तपासणीच तो सांगते. पीएच ७.३५ खाली व कार्बन डायऑक्साइड वाढलेला राहिला तर बायपॅपचा विचार करावा लागतो. अशा वेळी मास्क एकदम काढणे घातक आहे, कारण ऑक्सिजन आधीपेक्षाही खाली कोसळतो. २८ किंवा २४ टक्क्यांवर उतरवून डॉक्टरांना लगेच कळवावे.

यावर आक्षेप येतो की अशा भीतीने ऑक्सिजन रोखलाच जाईल, आणि ऑक्सिजनची कमतरता तर आधी मारते. आक्षेप खरा आहे. म्हणूनच ८८ च्या खाली गेलेल्याला ऑक्सिजन द्यायचाच, आणि कोसळलेल्या रुग्णाला आधी पुरेसा देऊन मग मात्रा उतरवायची. दुसरा आक्षेप, लहान दवाखान्यात व्हेंचुरी नसतो. तेव्हा नळीने १ लिटरपासून सुरुवात करून जवळून पाहावे. नेब्युलायझर ऑक्सिजनवर चालवावा लागलाच तर सहा मिनिटांत थांबवावा. शक्य असेल तिथे तो हवेवर चालवून नाकातली नळी चालू ठेवावी.

लोणावळ्याहून पुणे सुमारे ६५ किलोमीटर आहे. त्या वाटेत रुग्ण दवाखाना, रुग्णवाहिका आणि मोठे रुग्णालय अशा तीन हातांतून जातो. पुढच्या परिचारिकेला तो प्रथमच दिसतो, मग १४ ही श्वासगती आधी २६ होती हे तिला फक्त कागदावरूनच कळू शकते. म्हणून सोबतच्या कागदावर सर्वांत वर ‘लक्ष्य ८८ ते ९२’ आणि त्याखाली साधन बदलल्याची वेळ लिहिलेली असावी.