वाळू, हातोडा आणि एक इंच

वाळूचा अखंड नमुना जमिनीतून सहजासहजी वर काढता येत नाही. चिकणमाती नळीत बसते आणि प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते, वाळू मात्र वाटेतच सांडते किंवा हलून तिची रचना बदलते. म्हणून वाळूवर फुटिंग किती मोठं घ्यावं हे ठरवताना अभियंत्यांना जागेवरच्या हातोड्याच्या ठोक्यांवर विसंबावं लागलं.

1902 मध्ये बॉस्टनच्या चार्ल्स गाउ या कंत्राटदाराने 110 पौंडांच्या वजनाने एक इंची नळी बोअरच्या तळात ठोकून नमुने काढायला सुरुवात केली. 1920च्या दशकात दोन इंच बाह्य व्यासाची, उभी उघडणारी नळी आली. 140 पौंडांचा हातोडा 30 इंचांवरून सोडायचा आणि एक फूट शिरायला लागलेले ठोके मोजायचे, ही पद्धत रूढ झाली. 1947 मध्ये टेरझागींनी तिला ‘स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट’ म्हटलं. आपल्या आयएस 2131 मध्येही हीच चाचणी आहे: 63.5 किलो, 75 सेंटिमीटर, पहिले 15 सेंटिमीटर सोडून पुढच्या 30 सेंटिमीटरचे ठोके. हा आकडा म्हणजे एन.

आलेख आला तो 1948 च्या टेरझागी आणि पेक यांच्या पुस्तकात. आडव्या अक्षावर फुटिंगची रुंदी, उभ्या अक्षावर दाब आणि वेगवेगळ्या एनच्या वक्ररेषा. त्यामागचा विचार मला आजही फार मोलाचा वाटतो. इमारतीला तडे जातात ते शेजारशेजारचे खांब कमीजास्त बसल्यामुळे; सगळी इमारत सारखीच बसली तर तडे जात नाहीत. पण वाळू जागोजागी किती बदलते हे आधी कळत नाही. म्हणून त्यांनी सर्वांत मोठ्या फुटिंगची सेटलमेंट एक इंचापर्यंत, म्हणजे 25 मिलिमीटरपर्यंत रोखली. मग दोन खांबांमधला फरक पाऊण इंचाच्या आत राहील, असा त्यांचा हिशेब होता.

एक खांब घेऊ. भार 80 टन. फुटिंगच्या तळापासून त्याच्या रुंदीइतक्या खोलीपर्यंतच्या एनची प्रत्येक बोअरमध्ये सरासरी काढली, तर 15, 19 आणि 22 मिळाले. यांतला सर्वांत कमी आकडा धरायचा: 15. भूजल खोल आहे. वक्ररेषांच्या समीकरणाने 2 मीटर रुंदीला दर चौरस मीटरला सुमारे 13.9 टन मिळतात, म्हणजे जेमतेम 56 टन भार. 2.5 मीटरला दाब 13.2 टनांवर येतो, पण क्षेत्रफळ वाढल्याने 82 टन पेलतात. फुटिंग अडीच मीटरचं.

आता पाणी तळापर्यंत आलं असं समजू. मूळ नियमाप्रमाणे उथळ फुटिंगसाठी दाब निम्मा करायचा. मग 3.6 मीटरचं फुटिंग लागतं, म्हणजे क्षेत्रफळ दुप्पट.

पुढचा वाद इथेच पेटला. मूळ वक्ररेषा थोड्या नोंदींवर आणि मुद्दाम सावधपणे काढलेल्या होत्या. प्रत्यक्ष इमारती मोजल्या गेल्या तेव्हा त्या भाकितापेक्षा बऱ्याच कमी बसलेल्या आढळल्या. 1965 मध्ये मेयरहॉफ यांनी सुचवलं की दाब दीडपट घ्यावा आणि पाण्याची वेगळी घट करू नये, कारण पाण्याखालच्या वाळूत मोजलेल्या एनमध्ये पाण्याचा परिणाम आधीच उतरलेला असतो. हे मानलं तर आपलं फुटिंग 2 मीटरवर येतं. वाळू तीच, भार तोच. 1985 मध्ये बर्लंड आणि बर्बिज यांनी दोनशेहून अधिक नोंदींवरून दिलेल्या संबंधात हे 2 मीटरचं फुटिंग घालून पाहिलं, तर सरासरी सेटलमेंट 12–13 मिलिमीटर येते, एक इंचाच्या निम्मी. पण ती सरासरी आहे. प्रत्यक्ष मोजमापं तिच्या दोन्ही बाजूंना दूरवर विखुरलेली आहेत.

मला मेयरहॉफ यांचा पाण्याचा मुद्दा पटतो, पण एका अटीवर: एन खरा हवा, आणि पाण्याखाली तो सहज बिघडतो. बोअरमधली पाण्याची पातळी बाहेरच्या भूजलाखाली गेली की पाणी खालून आत घुसतं आणि तळाची वाळू सैल करतं. एन खोटा कमी येतो. केसिंगमध्ये वाळू वर चढलेली दिसली की हे ओळखावं आणि तो आकडा टाकावा. उलट, नळीच्या तोंडात खडा अडकला तर ठोके अचानक तिप्पट होतात. वरचा-खालचा थर तसाच असताना मध्येच एक आकडा उडाला असेल, तर तो सरासरीत घेऊ नये. बारीक गाळमिश्रित वाळू पाण्याखाली असेल, तर 15 च्या वरचे ठोके निम्मेच धरायचे: 25 मिळाले तर 20. ठोक्यागणिक दाणे पसरू पाहतात, छिद्रांतला दाब तात्पुरता घटतो आणि वाळू आहे त्यापेक्षा घट्ट भासते. ही दुरुस्ती आयएस 2131 मध्येही आहे.

आयएस 8009 च्या 1976 च्या पहिल्या भागात हाच आलेख उलटून आला: दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब दिल्यास फुटिंग किती बसेल ते वाचायचं, आणि आपल्या दाबाच्या प्रमाणात वाढवायचं. मर्यादा आयएस 1904 मधून घ्यायची. वाळूवरच्या सुट्या फुटिंगांच्या आरसीसी इमारतीला तिथे 50 मिलिमीटरची मुभा आहे, मात्र दोन खांबांमधला फरक अंतराच्या 0.0015 पटीत राहायला हवा. 4 मीटरवरच्या खांबांना म्हणजे 6 मिलिमीटर.