दुकानाची वेबसाइट : कामाचा करार (अमेरिका)

छोट्या दुकानदाराने एकट्या डेव्हलपरकडून साधी वेबसाइट करून घेताना करायचा लेखी करार. त्यात पाने, मुदत, रक्कम आणि फायलींची मालकी या चार गोष्टी येतात. पहिल्या तीन बहुतेक जण निदान बोलून तरी ठरवतात. चौथी लिहायची राहिली, तर पैसे पूर्ण चुकते करूनही कॉपीराइट डेव्हलपरकडेच राहतो.

याचे मूळ 1976च्या अमेरिकन कॉपीराइट कायद्यात आहे. नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेले काम मालकाचे ठरते. बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेले काम आपोआप तसे ठरत नाही. वॉशिंग्टनमधील बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने जेम्स अर्ल रीड या शिल्पकाराकडून एक शिल्प करवून घेतले होते. कॉपीराइटचा विषय कोणीच काढला नव्हता. 1989मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रीड हा संस्थेचा नोकर नव्हता, असा निर्णय दिला. वेबसाइट करणाऱ्या फ्रीलान्सरलाही नोकर की बाहेरचा, हीच कसोटी लागते.

यावर उपाय म्हणून करारात ‘वर्क मेड फॉर हायर’ हे शब्द घालण्याची पद्धत आहे. पण ते पुरत नाहीत. बाहेरून करवून घेतलेल्या कामाला हे शब्द लागू व्हायचे, तर ते कायद्याने दिलेल्या नऊ प्रकारांपैकी एकात बसावे लागते आणि त्या यादीत वेबसाइटचे नाव नाही. म्हणून ‘शेवटचा हप्ता मिळताच सर्व कॉपीराइट दुकानाकडे हस्तांतरित होतो’ असे वेगळे वाक्य आणि खाली डेव्हलपरची सही हवी. असे वाक्य नसेल, तर न्यायालये सहसा दुकानदाराला वेबसाइट वापरण्याची गर्भित परवानगी आहे असे मानतात. मात्र तोच आराखडा शेजारच्या दुकानाला विकण्यापासून डेव्हलपरला अडवणे कठीण जाते.

उदाहरणादाखल न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समधील फराळाचे एखादे दुकान घेऊ. दिवाळीच्या ऑर्डरी वेबसाइटवर घ्यायच्या आहेत. पाने पाच : मुख्यपान, पदार्थ, ऑर्डर, दुकानाविषयी, संपर्क. ‘पाच पाने’ एवढेच लिहिले की भांडणाची सोय झाली, कारण पदार्थांच्या पानावर 12 जिन्नस आहेत की 120, यावर काम ठरते. म्हणून लिहायचे ते असे : 40 जिन्नस, प्रत्येकी एक फोटो, पुढचे जिन्नस दुकानदार स्वतः चढवू शकेल, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या. मुदत 15 सप्टेंबर. पण फोटो आणि भाव दुकानदाराने 1 ऑगस्टपर्यंत द्यायचे आणि त्याला जितके दिवस उशीर होईल तितके दिवस मुदत पुढे जाईल. (उशीर बहुधा चकलीचे फोटो न आल्याने होतो, कोडमुळे नव्हे.) रक्कम 2,400 डॉलर : सुरुवातीला 720, कच्ची वेबसाइट दिसल्यावर 960, फायली हाती आल्यावर 720. डोमेन, होस्टिंग आणि कार्डाने पैसे घेण्याचे शुल्क वेगळे.

न्यूयॉर्कमध्ये फ्रीलान्सरचे काम 800 डॉलर किंवा त्याहून अधिकचे असेल, तर लेखी करार सक्तीचा आहे. शहराचा हा कायदा 2017पासून, तर राज्याचा 2024पासून लागू आहे. पैसे देण्याची तारीख लिहिलेली नसेल, तर काम पुरे झाल्यापासून 30 दिवसांत ते द्यावे लागतात.

कॉपीराइट मिळाला म्हणजे वेबसाइट हाती आली असे नाही. डोमेन ज्याच्या नावावर नोंदलेले असते, त्याचाच त्यावर ताबा असतो; डेव्हलपरने ते सोयीसाठी स्वतःच्या खात्यात घेतले, तर पुढे त्याचीच मनधरणी करावी लागते. ते पहिल्या दिवशीच दुकानदाराच्या नावे, त्याच्याच ईमेलवर घ्यावे. वर्डप्रेसवरील वेबसाइटच्या फायली मिळाल्या, तरी जिन्नस, भाव आणि ऑर्डरी त्यांत नसतात. हे सारे डेटाबेसमध्ये असते. म्हणून `wp-content` फोल्डरबरोबर `.sql` फाइलही मागावी आणि दोन्ही दुसऱ्या होस्टिंगवर चढवून वेबसाइट उघडते का, हे पाहूनच शेवटचे 720 डॉलर द्यावेत. वर्डप्रेस स्वतः, फॉन्ट आणि विकत घेतलेली चित्रे मात्र डेव्हलपरला हस्तांतरित करता येत नाहीत, कारण ती त्याची नसतात. त्यांचे परवाने कोणाच्या नावावर आहेत, हे करारात नोंदवावे.

अनेक मराठी दुकानदार हे काम पुण्यातल्या भाच्याला किंवा ओळखीच्या मुलाला देतात. तिथे भारताचा 1957चा कॉपीराइट कायदा आडवा येऊ शकतो. त्याच्या कलम 19नुसार हस्तांतरणात कालावधी लिहिला नसेल, तर ते पाच वर्षांपुरते आणि प्रदेश लिहिला नसेल, तर भारतापुरतेच धरले जाते. म्हणून अशा करारात ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभर’ हे शब्द आणि कोणत्या देशाचा कायदा लागू राहील, हे लिहावे लागते.